काल होतं ते आजही आहे ना?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीत रोज पहाटे एक भेट घडते. गेली दोन वर्षं मी ती गॅलरीत उभा राहून पाहतो आहे आणि अजून माझं मन भरलेलं नाही.

गल्लीत पाच कुत्री राहतात. त्यांतली भुरी म्हातारी आहे. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेत, मागचा एक पाय ती जरा ओढतच चालते. काळ्या तरणा आहे आणि अंगापिंडाने सगळ्यांत दांडगा. बाकीची तीन मधल्या वयाची. रात्री सगळी पांगतात. काळ्या कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या गाडीकडे जातो, कारण तिथे पहाटे चारपासूनच लगबग सुरू होते. उजाडायच्या सुमारास तो परत येतो तेव्हा भुरी एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसलेली असते.

काळ्या दहा-बारा पावलांवर थांबतो. कान मागे पडतात. मग तो निघतो, पण सरळ येत नाही. रस्ता मोकळा असतो, तरी तो अर्धगोल वळसा घेऊन, अंग कमानीसारखं वाकवून बाजूने येतो. शेपटी खाली असते आणि इतकी हलत असते की कंबरही तिच्याबरोबर हलते. एवढा दांडगा कुत्रा, पण भुरीजवळ येताना तो स्वतःला लहान करतो. मान खाली घालून तो तिच्या हनुवटीखाली तोंड नेतो आणि तिच्या ओठांचा कोपरा चाटतो. भुरी उठून उभी राहते आणि मान किंचित दुसरीकडे वळवते. मग दोघं एकमेकांभोवती फिरून शेपटीखाली हुंगतात. शेवटी काळ्या पावसात भिजल्यासारखं अंग झाडतो. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागत नाही. तोवर उरलेली तिघं येतात आणि हाच सोहळा भुरीपाशी पुन्हा तीनदा होतो.

ही सगळी रोज भेटणारी कुत्री. गेलेला वेळ काय तो एका रात्रीचा. तेवढ्यासाठी रोज एवढं सगळं कशाला, हा प्रश्न मला पडला आणि त्याचं उत्तर शोधताना मी आमच्या ओट्यापासून पार रोमपर्यंत आणि तिथून माकडांच्या एका बेटापर्यंत जाऊन पोचलो.

आधी ते चाटणं. आपण त्याला पापी म्हणून मोकळे होतो. पण त्याचा उगम भुकेत आहे. लांडग्याची पिल्लं दूध सोडायला लागली की शिकारीहून परतलेल्या आईच्या तोंडाला झोंबतात, तिच्या ओठांचे कोपरे चाटतात, नाकाने ढोसतात. त्या स्पर्शाने आई पोटातलं अर्धवट पचलेलं मांस त्यांच्यापुढे ओकते. पिल्लांचं ते पहिलं जेवण. कुत्र्यांतही काही आया असंच भरवतात. स्विस प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ शेंकेल यांनी लांडग्यांचं वर्तन वर्षानुवर्षं पाहिलं आणि 1967 साली मांडलं, की मोठे झालेले लांडगे आणि कुत्रे एकमेकांना भेटताना जे करतात ते या मागण्याचंच रूप आहे. मागायचं अन्न आता उरलेलं नाही, पण मागण्याची ती रीत मागे राहिली आहे. पिल्लू असताना जे तोंड चाटल्यावर पोट भरलं, त्या तोंडापाशी मोठेपणीही मान खाली जाते. काळ्या भुरीपाशी येतो तेव्हा तो क्षणभर पुन्हा दोन महिन्यांचा होतो.

मग हुंगणं. आपल्याला ते पाहून ओशाळायला होतं, पण या भेटीतला सगळ्यांत दाट मजकूर तिथेच असतो. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर चार आणि आठच्या जागी, वाटाण्याएवढ्या दोन पिशव्या असतात. त्यांत तेलकट, उग्र वासाचा स्राव साठतो. आत राहणारे जिवाणू त्यावर काम करतात आणि त्यातून निरनिराळ्या आम्लांचं आणि वासाच्या इतर द्रव्यांचं एक मिश्रण तयार होतं. ते कुत्र्यागणिक वेगळं असतं. हुंगताना कुत्रा सेकंदाला साधारण पाच वेळा श्वास आत-बाहेर करतो. बाहेर जाणारी हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून सुटते, त्यामुळे समोरून येणारा वास तिच्या धक्क्याने मागे ढकलला जात नाही. नाकाशिवाय त्याच्यापाशी आणखी एक साधन आहे. वरच्या पुढच्या दातांच्या मागे, टाळूत, एक बारीक तोंड असलेली नळी असते. जेकबसन या डॅनिश शास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. एकमेकांच्या अंगातून येणाऱ्या खुणेच्या रसायनांसाठी ती खास असते.

म्हणजे त्या पाच-सात सेकंदांत काळ्याला कळतं की समोर भुरीच आहे, कुणी दुसरी नाही. ती माजावर आहे का, हेही कळतं. रात्री ती कुणाच्या अंगाला घासून आली, कुठल्या उकिरड्यावर लोळली, याच्या खुणाही तिच्या केसांवर असतात. आपण एखाद्याला भेटल्यावर ‘काय, कसं काय?’ विचारतो आणि बहुतेक वेळा उत्तर ऐकत नाही. कुत्रा विचारतो आणि उत्तर पूर्ण घेतो. भुरीही तेवढाच वेळ उभी राहून ते घेऊ देते. हुंगू देणं हा भेटीचा तिच्या बाजूचा अर्धा भाग आहे. ज्याला ओळख द्यायची नसते तो कुत्रा शेपटी पायांत घट्ट दाबून खाली बसतो आणि वासाचं दारच लावून घेतो.

शेपटीची गोष्ट तर माझा विश्वासच बसू नये अशी. इटलीतल्या क्वारांता, सिनिस्काल्की आणि व्हालोर्तिगारा या तिघांनी 2007 साली 30 पाळीव कुत्र्यांवर एक साधा प्रयोग केला. कुत्र्याला एका बंदिस्त पेटीसारख्या खोलीत ठेवायचं, समोर एकेकाला आणायचं आणि वरच्या कॅमेऱ्याने शेपटीचा झोका मोजायचा. मालक दिसला की झोका कुत्र्याच्या उजवीकडे जास्त जायचा. अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. शरीराची उजवी बाजू मेंदूचा डावा भाग चालवतो, आणि जवळ जावंसं वाटणं हे बरंचसं त्या डाव्या भागाचं काम आहे. मागे सरावंसं वाटणं उजव्या भागाचं. म्हणून मनातला कल शेपटीत उतरतो. सहा वर्षांनी याच गटाने पुढची पायरी गाठली. डावीकडे जास्त हलणारी शेपटी कुत्र्यांना पडद्यावर दाखवली, तर पाहणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि ते अस्वस्थ झाले. उजवीकडची पाहिली तर ते निवांत राहिले. आपण शेकडो वर्षं ‘शेपूट हलवतोय म्हणजे खूश आहे’ एवढंच वाचत आलो. कुत्री त्याच शेपटीत डावं-उजवं वाचत होती. मी गॅलरीतून हे पाहायचा बराच प्रयत्न केला, पण झोका इतका जलद असतो की नुसत्या डोळ्याला फरक पकडता येत नाही. मोबाइलवर संथ गतीने चित्रण केलं तेव्हा कुठे काळ्याचा उजवा कल मला दिसला, आणि तोही दर वेळी नाही.

आता रोम. शहराच्या उपनगरी भागात मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांच्या टोळ्या होत्या. रॉबेर्तो बोनान्नी, सिमोना काफात्सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या एकेका कुत्र्याला ओळखून त्यांचा बारकाईने अभ्यास केला. प्रश्न होता, टोळी कुणाच्या मागे जाते? मोजायची रीत सोपी होती. बसलेल्या टोळीतून कोण आधी उठून चालू लागतो आणि बाकीचे त्याच्या मागे निघतात का, याची दर वेळी नोंद करायची. शिवाय कोण कुणापुढे कधी नमतो, याचीही नोंद. इथे एक महत्त्वाची फोड केली होती. गुरगुरणं, दात दाखवणं, भांडण यांत दुसऱ्याने नमतं घेणं एका रकान्यात. काहीही तंटा नसताना, भेटीच्या सोहळ्यात कुणी आपणहून येऊन मान खाली घालणं आणि तोंड चाटणं दुसऱ्या रकान्यात.

2010 साली निष्कर्ष छापून आले. टोळीत वरच्या क्रमांकाचे कुत्रे दोन प्रकारचे निघाले. काहींपुढे इतर फक्त भांडणात नमत. काहींना इतर भेटीतही आपणहून नमत. टोळी या दुसऱ्यांच्या मागे जास्त जायची. नेहमी पुढे राहणारे हे कुत्रे वयाने मोठे होते. विश्रांतीच्या वेळी मागे चालणारे त्यांच्याच जवळ येऊन पडत. ज्याच्या भीतीने वाट सोडायची आणि ज्याच्या मागे वाट धरायची, हे दोघे वेगळे असू शकतात, आणि दोघांतला फरक भेटीत दिसतो.

हे वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे वही घेऊन बसलो. भुरीला मी कधी भांडताना पाहिलं नव्हतं. खाण्याच्या वेळी काळ्या तिलाही बाजूला सारतो. तरीही सकाळी चारही कुत्री आधी तिच्यापाशी येतात. कचरागाडीचं गाणं वाजलं की ती ओट्यावरून उतरते, लंगडत पलीकडच्या सावलीकडे निघते, आणि एकेक करत सगळी तिच्या मागे जातात. महिनाभरात मी 26 सकाळी नोंद ठेवली. 19 वेळा ती आधी उठली आणि किमान दोघं तिच्या मागे गेली. काळ्या आधी उठला तेव्हा बहुतेक वेळा तो एकटाच गेला. एका गल्लीतल्या पाच कुत्र्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण रोमच्या त्या निष्कर्षांनी मला पाहायचं कुठे ते शिकवलं.

आपल्या देशात मोकळ्या कुत्र्यांचा असाच चिकाटीने अभ्यास कोलकात्याजवळच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र यांच्या गटाने केला आहे. 2018 साली त्यांनी मानबी पॉल यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखाच्या नावातच भारतीय कुत्र्यांची ‘थोर एकत्र कुटुंबं’ असा उल्लेख आहे. पिल्लांना आईशिवाय टोळीतल्या इतर माद्या सांभाळतात आणि काही नरसुद्धा त्यांच्यावर लक्ष ठेवतात, असं त्यांना बंगालच्या रस्त्यांवर दिसलं. म्हणजे आपल्याकडचं पिल्लू एकाच तोंडापाशी वाढत नाही. भेटीत मान खाली घालायच्या जागाही त्याला जास्त मिळत असणार. याच गटाने 2017 साली आणखी एक गोष्ट दाखवली. अनोळखी माणसाने पुन्हा पुन्हा खायला दिल्यापेक्षा पुन्हा पुन्हा कुरवाळल्याने रस्त्यावरच्या कुत्र्याचा विश्वास जास्त बसतो. ज्याचं पोट रोज भरेलच असं नाही, त्या जिवाची ही निवड आहे.

भेट बिघडते कशी, हेही इथेच सांगायला हवं, कारण बिघाड बहुतेक वेळा आपण घडवतो. संध्याकाळी पट्टा धरून पाळीव कुत्र्याला फिरवणारे लोक गल्लीत आले की भुंकाभुंक होते. दोष कुठल्याच कुत्र्याचा नसतो. गल्लीतलं कुत्रं वळसा घेऊन येऊ पाहतं. आपण घाबरून पट्टा आवळतो. पट्टा ताणला की आपल्या कुत्र्याची मान वर उचलली जाते, छाती पुढे येते आणि त्याला बाजूला वळता येत नाही. समोरच्याला दिसतं ते ताठ अंग आणि रोखलेली नजर. कुत्र्यांच्या रीतीत सरळ चालून येणं म्हणजे आव्हान. मग हुंगण्याची पायरी येतच नाही. पट्टा सैल सोडून स्वतः अर्धगोल चालत पुढे गेलं, तर निम्मं काम होतं. धोक्याची खूणही ठरलेली आहे. हालचाल थांबते. वाकडं, सैल, लवचीक अंग म्हणजे सगळं ठीक. उंच उभी शेपटी, तिचं फक्त टोक थरथरतंय, एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर मान टाकली आहे आणि दोघंही पुतळ्यासारखे स्थिर आहेत, असं दिसलं की हात न घालता दोघांना चालतं करायचं.

कुत्र्यांकडून मी माकडांकडे वळलो, कारण तिथे या सोहळ्यामागचा हिशेब जास्त स्पष्ट दिसतो. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत आणि दोन्ही नेमके आहेत. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. लाल तोंडाचं, आखूड शेपटीचं ते माकड. इंदूरहून ओंकारेश्वरला किंवा मांडूला गेलं की वानरं भेटतातच. त्यांच्या टोळीत माद्या जन्मापासून शेवटपर्यंत एकत्र राहतात, नर येतात आणि जातात. नुकतं जन्मलेलं काळसर पिल्लू पहिल्याच दिवसांपासून एका मादीच्या कुशीतून दुसरीच्या कुशीत फिरतं. मांडूच्या एका पडक्या भिंतीवर मी दोन माद्यांची भेट पाहिली. एक झाडावरून उतरून आली, दुसरी बसलेलीच होती. पहिलीने जवळ येऊन दोन्ही हात पसरले आणि दोघींनी छातीला छाती लावून मिठी मारली. हनुवट्या एकमेकींच्या खांद्यावर. दोन-तीन सेकंद. मग बसलेलीने पाठ वळवली आणि दुसरी तिच्या केसांतून बोटं फिरवू लागली. मला वाटलं, माहेरी आलेली मुलगी भेटली.

पण ती मिठी जरा थंड डोक्याने पाहू. वानराचे सुळे धारदार असतात. मिठीत गळा, कान आणि चेहरा समोरच्याच्या दातांपासून चार बोटांवर येतात, आणि हात अडकलेले असतात. इस्रायली शास्त्रज्ञ अमोत्झ झाहावी यांनी 1977 साली याच अडचणीतून एक सुंदर तर्क काढला. नातं टिकून आहे का, हे नुसतं विचारून कळत नाही. जे तिऱ्हाइताकडून सोसवणार नाही ते समोरच्यापुढे करून पाहायचं. त्याने सोसलं तर नातं शाबूत. त्रास किंवा धोका हाच त्या प्रश्नाचा कस. हा तर्क किती लांब जातो ते कोस्टा रिकाच्या पांढऱ्या तोंडाच्या कापुचिन माकडांत दिसतं. सुझन पेरी यांनी तिथे वर्षानुवर्षं पाहिलं, की दोन माकडं समोरासमोर बसून एकमेकांच्या नाकपुडीत बोटं घालतात आणि कितीतरी मिनिटं तशीच राहतात. काही जोड्या तर एकमेकांच्या पापणीखाली बोट सरकवतात. प्रत्येक टोळीत ही रीत नसते. काही टोळ्यांत ती सुरू होते, वर्षानुवर्षं चालते आणि मग विरून जाते, एखाद्या घराण्यातल्या कुळाचारासारखी.

मग सगळीच भेट अशी जोखमीची का नसते? याचं उत्तर लाल तोंडाच्या माकडांकडे आहे. तापीच्या उत्तरेला, म्हणजे आमच्या बाजूला, हे माकड ऱ्हीसस जातीचं. 1938 साली भारतातून अशी 400हून थोडी जास्त माकडं जहाजाने नेऊन पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो या छोट्या बेटावर सोडली गेली. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत आणि जगात सगळ्यांत जास्त अभ्यासलेल्या माकडांत त्यांची गणना होते. या जातीत वरच्या माद्या खालच्यांना चावतात, हुसकतात, त्यामुळे एखादी वरची मादी चालत आली की खालची दचकतेच. जोन सिल्क आणि सहकाऱ्यांनी तिथे पाहिलं, की येणारी मादी कधी कधी जवळ येताना नाकातून हलकासा आवाज काढते. तो आवाज काढला तर ती सहसा मारत नाही, आणि पुढे बहुधा केस विंचरणं सुरू होतं. आवाज न काढता आली तर काय होईल ते सांगता येत नाही.

त्या आवाजाला काही किंमत पडत नाही. खोटा काढून जवळ जायचं आणि मारायचं, हे कुणालाही जमेल. तरी तो सहसा खरा असतो, कारण त्याच दोघी उद्या, परवा आणि पुढची दहा वर्षं भेटणार आहेत. खोटं एकदाच चालेल. त्यानंतर खालची मादी तो आवाज ऐकून थांबणार नाही, आणि वरचीला तिच्या पिल्लाजवळ जायला मिळणार नाही. जिथे रोजची गाठ आहे तिथे स्वस्त शब्दही टिकतो. जिथे पणाला काही मोठं लागलं आहे, एखाद्याच्या जिवावर भांडणात उतरायचं आहे, तिथे गळा पुढे करावा लागतो. आमच्या गल्लीतला ‘राम राम’ पहिल्या जातीचा. वर्षानुवर्षं तुटलेला भाऊ दारात येऊन काही न बोलता मिठी मारतो, ती दुसऱ्या जातीची.

या चौकटीत काळ्या आणि भुरी कुठे बसतात? मला वाटतं, दोन्हींच्या मधे. दांडगा काळ्या आपला चेहरा भुरीच्या दातांखाली नेतो, म्हणजे जोखीम घेतो. पण ती रोजची असल्याने सवयीची, जवळजवळ शब्दासारखी झाली आहे. प्राण्याच्या मनात त्या क्षणी काय असतं ते शेपटीवरून किंवा आवाजावरून पूर्ण वाचता येत नाही, आणि मिठीला लगेच माया म्हणणं ही आपली घाई असते. मोजता येतं ते एवढंच, की भेटीनंतर कोण कुणाजवळ बसतो, कोण कुणाच्या मागे जातो, कोण कुणाला चावत नाही.

गेल्या पावसाळ्यात भुरी आजारी पडली. चार दिवस ती ओट्यावरून उतरली नाही. काळ्या रोज पहाटे यायचा, वळसा घेऊन, अंग लहान करून, आणि ती उठत नसल्यामुळे तो झोपलेल्या भुरीच्या ओठांचा कोपरा चाटायचा. तिची मान हलायची नाही. मग तो तिथेच पायरीवर बसायचा. गाडीचं गाणं वाजायचं, सावली सरकायची, पण त्या चार दिवसांत टोळी पलीकडे गेली नाही. पाचव्या दिवशी तो आला तेव्हा भुरी उठून उभी राहिली आणि तिने मान किंचित वळवली. काळ्याने अंग झाडलं. भुरी खाली उतरली आणि लंगडत निघाली. चौघं तिच्या मागे.